छपरावरचे पाणी आणि पायाखालची माती

सीमाभाग म्हटला की आपल्या वाचकांना भाषेची सीमा आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या हमरस्त्याने जो डोळे उघडे ठेवून प्रवास करील त्याला आणखी एक सीमा ओलांडल्याचे जाणवेल. ती कोणत्याही आयोगाने आखलेली नाही. बेळगाव शहराच्या परिसरात जमीन तांबडी आहे, खाली जांभा आहे, आणि विहिरीचे कठडे आपल्या गोव्यातल्या विहिरींची आठवण करून देतात. उत्तरेकडे जावे तसतसा तांबडा रंग मागे पडतो आणि निपाणीच्या शिवारात काळी माती पसरलेली दिसते. त्याबरोबर पाऊसही उतरणीला लागतो. बेळगावात वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर निपाणीच्या बाजूस तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो. या सीमेचा विचार न करता एकच नकाशा दोन्हीकडे वापरल्यामुळे छपरावरचे पाणी साठविण्याच्या व जमिनीत जिरविण्याच्या कितीतरी योजना वाया जातात. गोमंतकातील अनेक कुटुंबांची सोयरीक, शेतीवाडी आणि घरे या भागात आहेत. त्यांच्यासाठी आणि स्वतःच्या जांभ्याच्या जमिनीचा विचार करणाऱ्या प्रत्येकासाठी हा विषय थोडा सविस्तर मांडावा असे आम्हांस वाटते.

प्रथम हिशेब. समजा, निपाणीत एका पाच माणसांच्या कुटुंबाचे मंगळुरी कौलांचे बैठे घर आहे आणि त्याच्या छपराने झाकलेली जागा ८० चौरस मीटर आहे. येथे एक चूक नेहमी होते. कौलांचा उतार मोजून क्षेत्रफळ फुगविले जाते. पाऊस वरून पडतो; त्यामुळे मोजावयाची ती छपराखाली येणारी सपाट जागा, उतार नव्हे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हे सूत्र लक्षात ठेवले की बाकीचे गणित शाळकरी मुलालाही जमेल. कौले काही पाणी शोषतात, काही वाऱ्याने उडते, काही पन्हळीबाहेर सांडते. म्हणून शंभरातले ऐंशी हाती लागतात असे धरावे. ८० चौरस मीटर, ७०० मिलिमीटर आणि शेकडा ८० यांचा गुणाकार केला की वर्षाचे ४४,८०० लिटर होतात. तेच घर बेळगावात असते तर हा आकडा ७६,८०० झाला असता.

हा आकडा ऐकला की घरमालक पंचेचाळीस हजार लिटरच्या हौदाचा खर्च विचारतो आणि तो ऐकून योजनाच सोडून देतो. येथेच नियोजनाची पहिली गोम आहे. हौद पावसाच्या मापाने बांधावयाचा नसतो, गरजेच्या मापाने बांधावयाचा असतो. पिण्यास व स्वयंपाकास माणशी पाच लिटर धरले तर या कुटुंबाला रोज २५ लिटर लागतात. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यास संपला असे मानल्यास मेअखेरपर्यंत सुमारे २३० दिवस होतात, आणि त्यांची गरज ५,७५० लिटरची. म्हणजे ६,००० लिटरची टाकी पुरे. ती भरण्यास या छपरावर ९४ मिलिमीटर पाऊस पडला की झाले. निपाणीचा बेताचा पाऊसही अशी टाकी सात वेळा भरून वर उरेल.

यातून दुसरी गोष्ट निघते, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. टाकी भरलेली हवी ती पावसाळ्याच्या आरंभी नव्हे, तर शेवटी. म्हणून मृगाच्या पहिल्या सरीपासून पाणी साठविण्याची घाई करण्याचे कारण नाही. वळवाचा आणि मृगाचा पाऊस छप्पर धुण्यास द्यावा, आर्द्रा-पुनर्वसूपासून पाणी टाकीत घ्यावे, पावसाळाभर ते मोकळ्या हाताने वापरावे, आणि हस्ताच्या पावसात ती काठोकाठ भरून घेऊन झाकण लावावे. हस्ताने दगा दिला तर काय, असे कोणी विचारील. त्यासाठी ऑगस्टच्या अखेरीपासून टाकी अर्ध्याखाली उतरू देऊ नये, इतकी काळजी पुरेशी आहे.

आता त्या पहिल्या धुवणाचा प्रश्न, ज्याला इंजिनियर मंडळी ‘फर्स्ट फ्लश’ म्हणतात. पावसाचे पाणी स्वच्छ असते, छप्पर नसते. धूळ, पाखरांची विष्ठा, पालापाचोळा आणि कौलावरचे शेवाळ हे सारे पहिल्या सरीत खाली येते. निपाणीत त्यात एका खास वस्तूची भर पडते. हे तंबाखूचे गाव आहे. वखारींच्या आजूबाजूला उन्हाळ्यात जी भुकटी उडते, ती कौलांवरही बसणारच. आणि तंबाखूतील निकोटिन पाण्यात सहज विरघळते. गाळणीने गाळले म्हणून विरघळलेले द्रव्य बाहेर निघत नाही. ते टाळावयाचे तर ते पाणी टाकीत येऊच देता कामा नये. म्हणून वखारीजवळच्या घरांनी पहिले दोन-तीन चांगले पाऊस सरसकट सोडून द्यावेत आणि नंतरही धुवणाचे माप सढळ ठेवावे, असे आमचे मत आहे.

हे माप किती असावे? छपरावरचा पहिला सुमारे दोन मिलिमीटर पाऊस वेगळा काढावा, हा सर्वसाधारण अंदाज आहे. ८० चौरस मीटरवर त्याचे १६० लिटर होतात. बाजारात मात्र या कामासाठी चार इंची नळाचा एक उभा तुकडा आणि खाली बूच अशी जोडणी मिळते. चार इंची नळाच्या एका मीटरमध्ये आठच लिटर पाणी मावते. तीन मीटर लांबीचा तुकडा लावला तरी चोवीस-पंचवीस लिटर, म्हणजे या छपराचा जेमतेम पाव मिलिमीटरभर पाऊस! तेवढ्याने कौलांवरची धूळ धड भिजतही नाही. घरात अशी जोडणी असूनही टाकीच्या तळाशी बोटभर गाळ का साचतो, याचे कोडे अनेकांना पडते. त्याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

त्यापेक्षा २०० लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप घ्यावे. पन्हळीतून उतरणारा नळ सरळ या पिंपात सोडावा आणि पिंपाच्या तोंडाच्या वर त्याला एक आडवा फाटा काढून तो टाकीकडे न्यावा. नळ पिंपाच्या तोंडाशी घट्ट बसविलेला असावा. पाऊस सुरू झाला की पाणी आधी पिंपात पडते. पिंप भरले की ते मागे चढून आडव्या फाट्याने टाकीकडे वळते. पिंपाच्या तोंडाखाली हलका पोकळ चेंडू ठेवला तर पाणी चढताच तो वर येऊन तोंड बंद करतो आणि आतील गढूळ पाणी पुन्हा ढवळले जात नाही. एक गोष्ट मात्र गवंड्याकडून पक्की करून घ्यावी. टाकीचे तोंड या आडव्या फाट्यापेक्षा खाली असले पाहिजे, नाही तर पाणी पन्हळीतून अंगणात सांडू लागेल.

पिंपाच्या बुडाशी दोन मिलिमीटरचे एक बारीक छिद्र ठेवावे. हे छिद्र म्हणजे या योजनेचे घड्याळ होय. त्यातून भरलेले पिंप रिकामे होण्यास साधारण तेरा-चौदा तास लागतात. संततधार असेल तेव्हा छिद्रातून थोडेच पाणी जाते, पिंप भरलेलेच राहते आणि धुतलेल्या छपराचे पाणी वाया न जाता टाकीत येते. पावसाने दिवसभर उघडीप दिली, म्हणजे छपरावर पुन्हा धूळ बसण्यास वेळ मिळाला, की तोवर पिंप आपोआप रिकामे होऊन पुढच्या सरीसाठी सज्ज राहते. छिद्र मोठे केले तर संततधारेतही पाणी वाया जाते; छिद्र बुजले तर पिंप भरलेलेच राहते आणि पुढच्या सरीचे सारे घाण पाणी सरळ टाकीत जाते. बिघाड ओळखण्याचा उपाय सोपा आहे. उघडीप पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पिंपावर बोटाने टिचकी मारावी. पोकळ आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर छिद्रात काडी घालावी. पावसाळ्यात हे काम घरातील एखाद्या मुलाकडे सोपविण्यासारखे आहे.

टाकीबद्दल थोडक्यात. ती उजेडबंद असावी, म्हणजे शेवाळ धरत नाही. हवेच्या व सांडव्याच्या नळांना बारीक जाळी असावी, म्हणजे डास शिरत नाहीत. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे किंवा रंग उडालेल्या पत्र्याचे असेल तर ते पाणी पिण्यास वापरू नये. आणि छप्पर कोणतेही असो, पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

टाकी भरून पावसाळ्यातील वापर भागला तरी आपल्या निपाणीच्या घराचे ३५,००० लिटरहून अधिक पाणी शिल्लक राहते. बेळगावच्या घराचे त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे या योजनेतील मोठा वाटा टाकीचा नसून जमिनीचा आहे, आणि येथूनच जांभा आणि काळी माती यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पुनर्भरणाच्या खड्ड्याचे रूढ माप सांगावयाचे तर असे. जोराच्या पावसात पंधरा मिनिटांत पंधरा मिलिमीटर पडला तर या छपरावरून सुमारे एक हजार लिटर पाणी उतरते. तेवढे पाणी खड्ड्याने क्षणभर धरून ठेवले पाहिजे. सव्वा मीटरला किंचित कमी, म्हणजे चार फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेसहा फूट खोल खड्डा घेतला तर त्याचे आकारमान जवळजवळ २,९०० लिटर होते. परंतु तो दगडांनी भरावयाचा असतो आणि दगडांमधल्या पोकळीत शेकडा चाळीसच पाणी मावते; म्हणजे सुमारे अकराशे-साडेअकराशे लिटर. हिशेब जुळला. तळाशी मोठे गोटे, त्यांवर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू, असा क्रम असावा. तो उलटा करू नये. गाळ वरच्या वाळूवर अडला तर खरवडून काढता येतो; तळाशी जाऊन बसला तर सारा खड्डा उपसावा लागतो. खड्ड्याच्या आधी गाळ बसण्यासाठी एक लहान हौदी असावी. अंगणातले वा रस्त्याचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नये.

हा खड्डा बेळगावात टिळकवाडीसारख्या भागात खणला तर बहुधा चालतो. जांभा सच्छिद्र आहे आणि पाणी पटकन पिऊन टाकतो. त्या जांभ्यात किती पाणी राहू शकते याची साक्ष टिळकवाडीतच आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेव्हा प्रतिनिधींच्या पाण्यासाठी खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. पुढे १९९५ च्या टंचाईत धरणाचे पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा शहराने विसरलेल्या अशा जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या पुन्हा वापरात आणल्या. त्या विहिरींना पाणी येते ते आजूबाजूच्या छपरांवर आणि परसांत पडणाऱ्या पावसाचेच. परसांना फरशी घातली आणि छपराचे पाणी गटारात सोडले की तो पुरवठा तुटतो. खड्डा हे त्या तुटलेल्या दुव्याला दिलेले टाचण होय.

तरीही जांभ्याचे दोन दोष सांगितलेच पाहिजेत. जो दगड पावसाचे पाणी झटकन आत घेतो तो मैलाही तितक्याच सहजतेने पुढे ढकलतो. म्हणून शौचालयाच्या टाकीपासून पुनर्भरणाचा खड्डा निदान दहा-पंधरा मीटर दूर हवा. जागा एवढी नसेल तर खड्ड्याचा नाद सोडावा. दुसरे असे की श्रावणात बेळगावातील विहिरींचे पाणी कित्येक ठिकाणी हाताला लागेल इतके वर येते. तेथे खोल खड्डा म्हणजे दुसरी विहीरच. त्यातून पाणी जिरणार कोठे? शेजारच्या विहिरीची भर पावसातील पातळी पाहून खड्ड्याचा तळ तिच्यापेक्षा निदान चार-पाच फूट वर ठेवावा. पातळी फारच वर असेल तर उभ्या खड्ड्याऐवजी उथळ आणि लांब चर घ्यावा.

निपाणीत अडचण नेमकी उलटी आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. मग ती तासाला एखादा मिलिमीटर पाणी सोडील तर नशीब! नेहमीच्या खड्ड्यात साचलेले हजार लिटर पाणी अशा मातीतून जिरण्यास आठवडाभर तरी लागतो, आणि तोवर आकाश थांबत नाही. खड्डा पहिल्याच आठवड्यात तुंबतो, घरमालक कंत्राटदाराला दोष देतो आणि कंत्राटदार पावसाला. वास्तविक दोष, खणण्यापूर्वी मातीला प्रश्न न विचारण्याचा असतो.

तो प्रश्न विचारण्यास यंत्र लागत नाही. जेथे खड्ड्याचा तळ येणार तेथपर्यंत खणून तळाशी फूटभर लांब, रुंद आणि खोल असा एक लहान खळगा करावा आणि तो पाण्याने भरावा. पण लगेच मोजमाप करू नये. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात. पहिले पाणी त्यांतून भराभर नाहीसे होते आणि पाहणारा फसतो. रात्रभर पाणी घालून माती पुरती फुगू द्यावी. सकाळी खळगा पुन्हा भरून त्यात खुणा केलेली काठी उभी करावी. तासाभरात पाणी इंचभर उतरले तर खड्डा चालेल. त्या वेगाने आपला हजार-अकराशे लिटरचा साठा सात-आठ तासांत जिरतो. काठीवरची खूण जवळजवळ हललीच नाही, तर तेथे खड्डा खणणे म्हणजे डबके विकत घेणे होय.

अशा वेळी काळ्या थराच्या खाली जावे लागते. खाली मुरूम लागतो आणि त्याच्याही खाली फुटका काळा दगड. मुरूम सहा-आठ फुटांवर असेल तर खड्डा तेथवर नेऊन चाचणी पुन्हा घ्यावी. तो अधिक खोल असेल तर खड्ड्याच्या तळातून सहा इंची भोक मुरमात दहा-पंधरा फूट उतरवावे, त्यात छिद्रांचा नळ घालावा आणि भोवती खडी भरावी. परंतु घरची चालू कूपनलिका जवळ आहे म्हणून छपराचे पाणी सरळ तिच्यात सोडण्याचा मोह टाळावा. एकदा तिच्यात घाण गेली की ती काढण्याचा सोपा मार्ग नाही, आणि ते पाणी शेजारीही पितात. काळ्या मातीत आणखी एक पथ्य आहे. खड्डा घराच्या पायापासून दहा फुटांच्या आत घेऊ नये. पायाखालची माती एका बाजूने भिजून फुगली तर भिंतीला तिरप्या भेगा जातात, आणि पाणी वाचविण्याच्या नादात घर गमावण्याची वेळ येते. एवढी जागा नसलेल्या दाटीच्या वस्तीत चार घरांनी मिळून मोकळ्या जागेत एकच खड्डा घेणे शहाणपणाचे ठरेल.

खड्डा भरताना त्यात तळापर्यंत पोचणारा तीन इंची छिद्रांचा नळ उभा करून ठेवावा. त्याचा खर्च अल्प, उपयोग मोठा. पाऊस थांबल्यानंतर चोवीस तासांनी त्यात काठी बुडवून पाहावी. काठी कोरडी निघाली तर खड्डा जिवंत आहे. वाळूवर पाणी साचले आहे पण नळ कोरडा आहे, तर दोष वरच्या गाळाचा. दोन इंच वाळू खरवडून धुवावी. नळातही पाणी उभे आहे, तर दोष तळाचा. तेथे वाळू धुवून काही साधणार नाही. आम्ही असेही खड्डे पाहिले आहेत की ज्यांचा तळ आणि भिंती नीटनेटकेपणाच्या हौसेने सिमेंटने गिलावा करून बंद केल्या होत्या. असा खड्डा परवानगीच्या कागदावर पुनर्भरणाचा असतो आणि अंगणात हौद असतो.

कायद्याने पुनर्भरणाची सक्ती करण्याचा मार्ग तमिळनाडूने आणि बेंगळुरू शहराने पूर्वीच चोखाळला आहे, आणि सक्तीला आमचा विरोध नाही. परंतु इमारतीच्या आराखड्यावर खड्ड्याचा चौकोन काढला की परवाना द्यावयाचा, ही पद्धत निरुपयोगी आहे. परवान्यासोबत मागावयाचा तो चौकोन नव्हे, तर काठीच्या चाचणीचा आकडा. तळाशी कोणती माती लागली, रात्रभर भिजविल्यानंतर तासात पाणी किती उतरले आणि शौचालयाची टाकी किती दूर आहे, या तीन ओळी स्थानिक संस्थांनी अर्जात घातल्या तर निम्मे खोटे खड्डे खणलेच जाणार नाहीत.

शेवटी एक भ्रम दूर केला पाहिजे. जमिनीत सोडलेले पाणी ही बँकेतील ठेव नव्हे. बेळगावच्या जांभ्यातून ते हळूहळू उताराने नाल्यांकडे आणि मार्कंडेयेकडे निघून जाते. निपाणीच्या काळ्या दगडात मुळात जागाच थोडी असते. वैशाखात आपल्याच विहिरीत ते परत मिळेल अशी हमी कोणी देऊ नये. काही आपल्याला, काही शेजाऱ्याला, काही उतारावरच्या कोणा अनोळखी शेतकऱ्याला मिळेल. घरच्या पिण्याची हमी देते ती सहा हजार लिटरची झाकलेली टाकी. म्हणून पैसा थोडा असेल तर आधी पन्हळ, धुवणाचे पिंप आणि टाकी करावी. खड्डा पुढच्या वर्षी. मात्र मातीची चाचणी याच मे महिन्यात करून ठेवावी, कारण भर पावसाळ्यात भरलेल्या जमिनीकडून खरे उत्तर मिळत नाही.